नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राचा अर्ज : कुटुंबाचे उत्पन्न कसे मांडावे (जबलपूरमधील एका कुटुंबाचे उदाहरण)

इतर मागासवर्गातील विद्यार्थ्याला केंद्रीय संस्थेत आरक्षित जागेवर प्रवेश घ्यायचा असेल, तर जातीचा दाखला पुरेसा नसतो. आपले कुटुंब ‘क्रीमी लेयर’मध्ये, म्हणजे उन्नत गटात, मोडत नाही हेही महसूल अधिकाऱ्याकडून लिहून घ्यावे लागते. अर्ज छोटा असला तरी बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. घरात येणारा सगळा पैसा ते एकत्र करतात, बेरीज ८ लाखांच्या वर गेलेली पाहतात आणि अर्जच करत नाहीत. काही जण तीच बेरीज अर्जात लिहितात आणि अर्ज नामंजूर होतो. नियम मात्र अशी बेरीज करायला सांगत नाही. या टिपणात आपण एक कुटुंब घेऊ आणि त्याच्या उत्पन्नाचा प्रत्येक स्रोत नियमात कुठे बसतो ते पाहू.

हे कुटुंब काल्पनिक असले तरी जबलपूरच्या रांझी-खमरिया भागात अशी घरे सापडतील. मूळ गाव पांढुर्ण्याजवळ, घरची भाषा मराठी, जात कुणबी. वडील गन कॅरेज फॅक्टरीत क गटाच्या पदावर कामगार आहेत. आई घरून डबे पुरवते. राहत्या घराची वरची खोली भाड्याने दिली आहे आणि बँकेत थोडी मुदत ठेव आहे. गावी वडिलांच्या नावावर सात एकर जमीन आहे. त्यातल्या चार एकरांत विहिरीच्या पाण्यावर संत्र्याची बाग आहे आणि तीन एकर कोरडवाहू आहे. मुलगी बारावी झाली असून तिला अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत बसायचे आहे. अर्ज एप्रिल २०२५ मध्ये करायचा आहे, असे धरू.

२०२४-२५ या वर्षाचे आकडे असे : वडिलांचा पगार ९,६१,००० रुपये, आईच्या डब्यांचा नफा २,८८,०००, घरभाडे ८४,०००, ठेवीचे व्याज २४,००० आणि संत्र्यांचे ३,१०,०००. सगळे मिळवले तर १६,६७,००० होतात, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. तरीही ही मुलगी क्रीमी लेयरमध्ये येत नाही.

कारण समजण्यासाठी नियम कुठून आला ते थोडक्यात पाहू. इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १६ नोव्हेंबर १९९२ रोजी निकाल दिला. मागासवर्गातील सामाजिकदृष्ट्या पुढे गेलेल्यांना आरक्षणातून वगळावे, असे त्यात सांगितले होते. कोणाला वगळायचे हे ठरवण्यासाठी न्या. रामनंदन प्रसाद यांची समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवर आधारित कार्यालयीन ज्ञापन केंद्राच्या कार्मिक विभागाने ८ सप्टेंबर १९९३ रोजी काढले. त्याचा क्रमांक ३६०१२/२२/९३-स्था.(एससीटी). हा क्रमांक वहीत लिहून ठेवा, कारण केंद्रीय नमुन्याच्या प्रमाणपत्रात तो छापलेला असतो आणि अर्जातही त्याचा उल्लेख करावा लागतो.

या ज्ञापनाच्या अनुसूचीत सहा वर्ग आहेत : घटनात्मक पदे, सरकारी सेवा, सैन्यदले, व्यावसायिक व व्यापार-उद्योग, मालमत्ता आणि शेवटी उत्पन्न-संपत्तीची कसोटी. ८ लाखांची मर्यादा फक्त या शेवटच्या कसोटीची आहे. १९९३ मध्ये ती १ लाख होती. पुढे २००४ मध्ये अडीच लाख, २००८ मध्ये साडेचार लाख, २०१३ मध्ये ६ लाख आणि २०१७ मध्ये ८ लाख झाली. या कसोटीखालच्या स्पष्टीकरणात एक वाक्य आहे, ज्यावर आपले पुढचे सगळे उदाहरण उभे आहे : पगाराचे आणि शेतजमिनीचे उत्पन्न इतर उत्पन्नात मिळवायचे नाही.

सरकारी नोकरी आणि शेती यांना सूट दिली आहे, असा याचा अर्थ नाही. त्यांची तपासणी वेगळ्या वर्गात, वेगळ्या मापाने होते. सरकारी नोकराच्या बाबतीत पगार किती हे न पाहता पद कोणते हे पाहतात आणि शेतीच्या बाबतीत जमीन किती व कशी हे पाहतात. ज्या गोष्टीचे मोजमाप एकदा झाले ती रुपयांच्या बेरजेत पुन्हा धरायची नाही, असा हा हिशेब आहे.

आता वडिलांचे पद पाहू. सेवेच्या वर्गातील मुख्य नियम असा, की आई किंवा वडिलांपैकी एक जण थेट भरतीने अ गटात (जुन्या भाषेत क्लास वन) असेल तर मुले क्रीमी लेयरमध्ये जातात. दोघेही थेट भरतीने ब गटात असतील तरीही जातात. दोघांपैकी एकच ब गटात असेल तर जात नाहीत, पण वडील ब गटात असून चाळिशीच्या आत अ गटात पोचले असतील तर जातात. आपल्या उदाहरणात वडील क गटात आहेत आणि आई नोकरीत नाही. म्हणून या वर्गाने मुलीला वगळता येत नाही, पगार ९ लाख असो की १२ लाख.

इथे एक शंका हमखास येते. दीर्घ सेवेनंतर मिळणाऱ्या सुधारित सुनिश्चित करिअर प्रगती योजनेमुळे (कामगार तिला ‘एमएसीपी’ म्हणतात) वडिलांचा वेतनस्तर वरच्या पदाइतका झालेला असतो. पगारपत्रकावरचा स्तर पाहून कोणी म्हणेल, आता हे क गटातले राहिले नाहीत. पण ही योजना लागू करणाऱ्या १९ मे २००९ च्या आदेशातच म्हटले आहे, की तिच्यामुळे पदनाम, पदाचे वर्गीकरण किंवा दर्जा बदलत नाही. म्हणून कारखान्याकडून दाखला घेताना ‘धारण केलेले पद’ आणि ‘पदाचा गट’ हे शब्द त्यात स्पष्ट यायला हवेत. नुसती पगाराची स्लिप जोडली तर वाचणाऱ्याला फक्त आकडा दिसतो.

जबलपूरच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त काळजी तिथेच घ्यावी. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ संपले आणि देशातले आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. गन कॅरेज फॅक्टरी ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड’कडे गेली, खमरियाचा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे आणि व्हेईकल फॅक्टरी ‘आर्मर्ड व्हेईकल्स निगम लिमिटेड’कडे. त्यामुळे दाखल्याच्या माथ्यावर आता कंपनीचे नाव असते. ते वाचून तपासणारा कर्मचारी वडिलांना कंपनीचे नोकर समजू शकतो आणि त्या समजाने सगळा हिशेब बदलतो. सार्वजनिक उपक्रमातील पदांना सरकारी पदांशी समकक्षता ठरवण्याचे नियम वेगळे आहेत. जिथे समकक्षता ठरलेलीच नाही, तिथे १४ ऑक्टोबर २००४ च्या स्पष्टीकरण-पत्राने पगाराची वेगळी आणि इतर उत्पन्नाची वेगळी, अशा दोन कसोट्या सांगितल्या. त्यापैकी कोणत्याही एकीत मर्यादा ओलांडली तर कुटुंब क्रीमी लेयरमध्ये जाते. त्या मापाने ९,६१,००० रुपये पगार मुलीला थेट बाहेर काढेल.

पण कंपन्या झाल्या तेव्हा जुन्या कर्मचाऱ्यांची सरकारी नोकरी संपली नव्हती. त्यांना ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर कंपन्यांकडे पाठवले गेले. ही व्यवस्था सुरुवातीला दोन वर्षांसाठी होती, नंतर तिला मुदतवाढ मिळाली. प्रतिनियुक्तीवरचा माणूस केंद्र सरकारचाच कर्मचारी राहतो. म्हणून कारखान्याच्या आस्थापना शाखेकडून घ्यायच्या दाखल्यात चार गोष्टी हव्यात : नेमणुकीची तारीख व तेव्हाचे पद, सध्याचे पद, पदाचा गट आणि ‘हे केंद्र सरकारचे कर्मचारी असून मानीव प्रतिनियुक्तीवर आहेत’ हे वाक्य. शेवटचे वाक्य आपोआप येत नाही, ते मागून घ्यावे लागते. कंपनीने स्वतः नव्याने भरती केलेल्या माणसाला अर्थातच हे वाक्य लागू नाही. ज्यांचे आई-वडील खासगी नोकरीत किंवा जुन्या सार्वजनिक उपक्रमात आहेत त्यांनी या उदाहरणावरून आपला निष्कर्ष काढू नये. २००४ च्या पत्रातील त्या परिच्छेदावर अनेक खटले झाले आहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी काय लागू आहे ते पाहूनच पुढे जावे.

आता जमीन. संत्र्याचा मळा म्हणजे ‘बाग’, आणि अनुसूचीत बागायतींचा उपवर्ग वेगळा आहे, हे पाहून गोंधळ होतो. चहा, कॉफी, रबर यांच्या मळ्यांना उत्पन्नाची कसोटी लागते. आंबा, लिंबूवर्गीय फळे, सफरचंद यांच्या बागा मात्र शेतजमीनच मानायच्या, असे ज्ञापन सांगते. संत्रे लिंबूवर्गात येते, त्यामुळे पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातील शेतकऱ्यांसाठी ही ओळ मोलाची आहे. ३,१०,००० रुपयांचा प्रश्न तिथेच मिटतो आणि फक्त क्षेत्र मोजायचे उरते.

मोजण्याची पट्टी म्हणजे त्या राज्याच्या कमाल जमीनधारणा कायद्यातील मर्यादा. मध्य प्रदेशात पाच जणांपर्यंतच्या कुटुंबासाठी दुबार पिकाच्या खात्रीच्या ओलिताची मर्यादा १८ एकर आहे. कुटुंबाची सगळी जमीन ओलिताची असेल आणि ती या मर्यादेच्या ८५ टक्के किंवा जास्त असेल तर ते क्रीमी लेयरमध्ये जाते. ओलित आणि कोरडवाहू दोन्ही असेल तर आधी एक पूर्वअट पाहतात : ओलिताची जमीन मर्यादेच्या निदान ४० टक्के आहे का? १८ चे ४० टक्के म्हणजे ७.२ एकर. आपल्या कुटुंबाकडे ओलिताचे चारच एकर आहेत. पूर्वअट पूर्ण होत नाही, म्हणून कोरडवाहू जमिनीचे ओलितात रूपांतर करून ८० टक्क्यांशी ताडण्याची पुढची पायरी करावीच लागत नाही. सगळी जमीन कोरडवाहू असेल तर हा नियम लागतच नाही. ‘कुटुंब’ म्हणजे इथे आई, वडील आणि अज्ञान मुले. आजोबांच्या किंवा काकांच्या नावावरची जमीन त्यात येत नाही. सामाईक खाते असेल तर फक्त वडिलांचा हिस्सा धरायचा.

आता खऱ्या अर्थाने ८ लाखांशी ताडायचे उरले ते तीन स्रोत : डबे, भाडे, व्याज. कसोटी सलग तीन वर्षांची आहे. म्हणजे तिन्ही वर्षी मर्यादा ओलांडली तरच वगळले जाते. एखाद्या वर्षी अचानक जास्त रक्कम आली म्हणून कुटुंब क्रीमी लेयरमध्ये जात नाही. म्हणून अर्जात तिन्ही वर्षे वेगवेगळी दाखवावीत :

२०२२-२३ : डबे २,४०,००० + भाडे ७२,००० + व्याज २०,००० = ३,३२,०००
२०२३-२४ : डबे २,६४,००० + भाडे ८४,००० + व्याज २२,००० = ३,७०,०००
२०२४-२५ : डबे २,८८,००० + भाडे ८४,००० + व्याज २४,००० = ३,९६,०००

डब्यांच्या बाबतीत आपण खर्च वजा जाता उरलेला नफा धरला. पण नियमातला शब्द ‘सकल वार्षिक उत्पन्न’ असा आहे आणि त्यावरून कोणी उलाढाल विचारू शकतो. म्हणून उलाढालही लिहून टाकावी. समजा २०२४-२५ ची उलाढाल ५,४०,००० आहे. तीच धरली तरी भाडे व व्याजासह बेरीज ६,४८,००० होते, म्हणजे मर्यादेच्या आतच. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येते हे दाखवून दिले की वादाला जागा उरत नाही. प्राप्तिकरातील ८०-सी वगैरे वजावटी मात्र यात वजा करू नका. त्या करपात्र रक्कम काढण्यासाठी असतात, इथे त्यांचा संबंध नाही. विद्यार्थिनी स्वतः शिकवण्या घेऊन काही मिळवत असेल तर तेही यात येत नाही. मोठ्या भावाचा पगारही येत नाही. दर्जा आई-वडिलांचाच पाहिला जातो.

हे सगळे अर्जात उतरवताना स्रोतांचा क्रम महत्त्वाचा आहे. जबलपूरला अर्ज हिंदीत द्यायचा असतो, आपण इथे मजकूर मराठीत पाहू :

प्रति,
अनुविभागीय अधिकारी (राजस्व), रांझी, जिल्हा जबलपूर

विषय : केंद्र सरकारच्या नमुन्यात इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमी लेयर) प्रमाणपत्र मिळण्याबाबत

महोदय,
मी वरील अनुविभागात माझ्या आई-वडिलांसोबत राहते. माझी जात कुनबी असून ती मध्य प्रदेशसाठीच्या केंद्रीय सूचीत आहे. ८ सप्टेंबर १९९३ च्या ज्ञापनाच्या अनुसूचीनुसार माझ्या कुटुंबाची स्थिती अशी आहे.
१. सेवा : वडील गन कॅरेज फॅक्टरीत क गटाच्या पदावर असून मानीव प्रतिनियुक्तीवरील केंद्र सरकारचे कर्मचारी आहेत. आई कोणत्याही नोकरीत नाही. वडिलांचा २०२४-२५ चा पगार ९,६१,००० रुपये आहे. स्पष्टीकरणानुसार तो उत्पन्नाच्या कसोटीत मिळवलेला नाही.
२. शेतजमीन : वडिलांच्या नावे ओलिताची ४ एकर (संत्रा बाग) व कोरडवाहू ३ एकर. ओलिताचे क्षेत्र कमाल मर्यादेच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे.
३. इतर उत्पन्न : आईचा डब्यांचा व्यवसाय, घरभाडे व बँकेचे व्याज. तीन वर्षांचा तपशील सोबतच्या तक्त्यात आहे. कोणत्याही वर्षी बेरीज ८ लाखांपेक्षा जास्त नाही.
याशिवाय कुटुंबाला उत्पन्नाचा अन्य स्रोत नाही. तपासासाठी कागदपत्रे सोबत जोडली आहेत.

पगाराचा आकडा आम्ही मुद्दाम लिहिला आहे. तो गाळला आणि जोडलेल्या फॉर्म १६ मध्ये दिसला, तर लपवल्यासारखे वाटते. आकडा लिहून तो बेरजेत का नाही हे शेजारीच सांगितले की वाचणाऱ्याला नियम शोधत बसावे लागत नाही.

कागद जोडताना प्रत्येक कागद वरच्या कोणत्या मुद्द्याचा पुरावा आहे ते त्याच्या कोपऱ्यात लिहावे. पहिल्या मुद्द्यासाठी आस्थापना शाखेचा दाखला व फॉर्म १६. दुसऱ्यासाठी खसरा आणि बी-१ खतौनी. महाराष्ट्रात ज्यासाठी सातबारा बघतात त्यासाठी मध्य प्रदेशात हे कागद लागतात. पाण्याचे साधन नोंदलेले आहे का ते खसऱ्यात तपासा, कारण चार आणि तीन एकरांची विभागणी त्यावरूनच सिद्ध होते. तिसऱ्यासाठी आईचे प्राप्तिकर विवरणपत्र असल्यास ते, नसल्यास जमाखर्चाची वही व बँकेचा उतारा, भाडेकरार, आणि बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र. याखेरीज वडिलांचा व विद्यार्थिनीचा जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रहिवासाचा पुरावा, समग्र आयडी आणि स्वयंघोषणापत्र लागते.

मराठी घरांना जातीच्या शब्दाने त्रास होऊ शकतो. पांढुर्ण्याच्या मराठी शाळेतल्या आजोबांच्या दाखल्यावर ‘कुणबी’ असते, हिंदी कागदांवर ‘कुनबी’, आणि एखाद्या जुन्या नोंदीत नुसतेच ‘पाटील’, जे आडनाव आहे, जात नव्हे. न आणि ण चा फरक लेखनाचा आहे हे स्वयंघोषणापत्रात एका वाक्यात लिहावे आणि सूचीतले लेखन तेच सगळीकडे वापरावे. जे कुटुंब महाराष्ट्रातून अलीकडे जबलपूरला आले आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय सूची राज्यवार असते आणि स्थलांतराने जातीचे मूळ राज्य बदलत नाही. त्यांना वडिलांच्या मूळ राज्यातील दाखल्याच्या आधारे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

अर्ज लोकसेवा केंद्रात दिल्यावर पावती मिळते, पुढे पटवाऱ्याचा अहवाल मागवला जाऊ शकतो. जमीन दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने इथला पटवारी ती पाहू शकत नाही, म्हणून खसऱ्याची ताजी, प्रमाणित प्रत जवळ असलेली बरी. शिष्यवृत्तीसाठी काढलेले तहसीलदाराचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र याच कामासाठी पुढे करण्याची चूक होते. त्यात घरातला सगळा पैसा मोजलेला असतो, म्हणजे आपल्या उदाहरणात १६,६७,०००. तो आकडा शिष्यवृत्तीसाठी बरोबर आहे आणि इथे ३,९६,००० बरोबर आहे. दोन्ही खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत. कार्यालयाने ते प्रमाणपत्र मागितलेच तर द्यावे आणि फरकाचे कारण सोबत लिहावे.

प्रमाणपत्र हाती आले की खिडकीवरून हलण्याआधी वाचावे. राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्रीय प्रवेशात चालत नाही. केंद्रीय नमुन्यात जातीचा समावेश करणाऱ्या ठरावाचा क्रमांक व तारीख, १९९३ च्या ज्ञापनाचा उल्लेख आणि तहसीलदार किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची पदमुद्रा असते. ठरावाची जागा कोरी असेल तर राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावरील सूचीची छापील प्रत दाखवून ती भरून घ्यावी. तारीखही पाहावी. आयआयटी-एनआयटीच्या संयुक्त प्रवेशप्रक्रियेत त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा नंतर दिलेले प्रमाणपत्रच चालते, कारण ३१ मार्चला तिसरे आर्थिक वर्ष संपते. मार्चमध्ये घाईने काढलेला कागद जूनमध्ये निरुपयोगी ठरतो.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागावे. ‘उत्पन्न जास्त’ एवढेच लिहिले असेल, तर कोणते उत्पन्न धरले हे विचारावे. उत्तरात पगार किंवा संत्र्यांचा आकडा निघाला, तर अनुसूचीतील स्पष्टीकरणाची प्रत जोडून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. मध्य प्रदेशच्या २०१० च्या लोकसेवा हमी कायद्याखाली अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत असते. पावतीवर तशी तारीख छापलेली असेल तर ती पावती अपिलाला जोडावी.